कान्याची चूक आणि समासातील नोंद

आमच्या संघटनेच्या कचेरीत येणाऱ्या माणसाच्या हातात पूर्वी बहुधा पगाराची चिठ्ठी असे, नाहीतर बडतर्फीची नोटीस. अलीकडे त्या हातात जन्माचा दाखला दिसू लागला आहे. कुंडल आणि भोवतालच्या गावांतील कामगार, ऊस तोडणारे, ट्रॅक्टर चालवणारे लोक येतात, दाखला टेबलावर उलगडतात आणि एका अक्षरावर बोट ठेवतात. कुठे काना नाही, कुठे वेलांटीच्या जागी उकार आहे, कुठे ‘ब’चा ‘व’ झाला आहे. “एवढ्याशा चुकीसाठी चार महिने हेलपाटे घालतोय,” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की शेवटी या विषयाचा कायदा, नियम आणि परिपत्रके आम्हांला शिकावीच लागली. आम्ही वकील नव्हे. शाळाही फारशी पाहिलेली नाही. पण मालकाच्या नोटिशी वाचता वाचता सरकारी भाषा वाचण्याची सवय झाली, ती इथे उपयोगी पडली.

एकाच घराची हकीगत सांगतो, म्हणजे सारा मार्ग नीट दिसेल. नाव अर्थातच बदलून सांगत आहोत.

आमच्या परिसरातील एका ओतशाळेत काम करणारा एक गृहस्थ. त्याला २०१० साली, श्रावणात, मुलगी झाली. पहिले बाळंतपण, म्हणून बायको माहेरी गेलेली. माहेर दुसऱ्या तालुक्यात. तिथल्याच दवाखान्यात मूल जन्मले आणि तिथल्याच नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद झाली. त्या दिवशी नावाची जागा रिकामीच राहिली, कारण बारसे व्हायचे होते. बारशात नाव ठेवले श्रावणी. पुढे दोन-तीन महिन्यांनी बाप सासुरवाडीला गेला तेव्हा त्याने अर्ज देऊन नाव नोंदवले आणि दाखला आणून ट्रंकेत ठेवला. त्यावर ‘श्रवणी’ लिहिले होते. घरात कोणाच्या ते ध्यानात आले नाही. दाखला हा वाचण्याचा नव्हे, जपण्याचा कागद अशीच आपल्याकडे समजूत आहे.

शाळेत घालताना गुरुजींनी नाव तोंडी विचारले आणि जनरल रजिस्टरला ‘श्रावणी’ असे लिहिले. आधारकार्ड मात्र जन्मदाखल्यावरून निघाले, त्यात ‘श्रवणी’ आले. दोन नावे दोन वाटांनी चौदा वर्षे चालत राहिली. मुलगी हुशार. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी असलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा ती उत्तीर्ण झाली. नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. हे पैसे थेट बँकेच्या खात्यात येतात आणि त्यासाठी शाळेतले नाव व आधारवरचे नाव जुळावे लागते. ते जुळेना. शाळा म्हणाली, आधार दुरुस्त करून आणा. आधारवाल्याने सांगितले, जन्मदाखला दुरुस्त करून आणा. एका कान्यावर ४८,००० रुपये अडकले.

बाप प्रथम आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की ही नोंद आमच्याकडे नाहीच. हे उत्तर बरोबर होते, पण ते समजून देण्याची तसदी कोणी घेतली नाही. जन्माची नोंद आईबाप जिथे राहतात तिथे होत नसते. मूल जिथे जन्मले तिथे होते. सांगलीच्या दवाखान्यात जन्मलेल्या कुंडलच्या मुलाची नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे असते, आणि माहेरी जन्मलेल्याची माहेरच्या गावी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, त्यामुळे थोरल्या मुलाचा दाखला एका तालुक्यात आणि धाकट्याचा दुसऱ्या तालुक्यात असे घराघरांत आढळते. दाखल्याच्या वरच्या भागात नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे नाव छापलेले असते आणि खाली नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख असते. हेलपाट्यांपैकी निम्मे तरी तेवढे वाचले असते तर टळले असते.

मग तो माहेरच्या कार्यालयात गेला. खिडकीवरच्या माणसाने त्याला एका परिपत्रकाची झेरॉक्स दाखवली आणि सांगितले, “नावात बदल आहे, गॅझेट करून आणा.” बापाने शासकीय राजपत्रात जाहिरात देण्याची तयारी केली, एका एजंटाला पैसेही दिले, आणि मग कोणीतरी त्याला आमच्याकडे पाठवले.

सरकारी परिपत्रक वाचण्याची आमची एक पद्धत आहे. आम्ही मजकुरापासून सुरुवात करीत नाही. वरच्या बाजूस ‘संदर्भ’ म्हणून चार ओळी असतात, त्या आधी वाचतो. परिपत्रक स्वतःच्या बळावर उभे नसते. ते कोणत्या तरी कायद्याच्या आणि नियमाच्या खांद्यावर बसलेले असते. खालचा मजकूर त्या नियमाच्या बाहेर जाऊ शकत नाही. जन्मदाखल्यातील दुरुस्तीच्या परिपत्रकांत हा आधार म्हणजे जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, याचे कलम १५, आणि त्याखाली केलेल्या नियमांपैकी दुरुस्तीचा नियम. केंद्राच्या नमुना नियमांत तो अकरावा आहे. या दोहोंत जे आहे तेच परिपत्रक कारकुनाच्या सोयीसाठी पुन्हा सांगत असते. मूळ कलम आणि नियम दोन पानांत मावतात.

कलम १५ काय म्हणते? नोंदवहीतील एखादी नोंद स्वरूपात किंवा आशयात चुकीची आहे, किंवा कपटाने वा गैररीतीने केली आहे, असे निबंधकाच्या खात्रीस पटले, तर त्याने ती दुरुस्त करावी किंवा रद्द करावी. पण कशी? मूळ नोंदीला हात न लावता, समासात योग्य ती नोंद करून, खाली सही आणि तारीख घालून. निबंधक म्हणजे गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेने त्या कामावर नेमलेला अधिकारी.

‘चुकीची’ हा या कलमातला कळीचा शब्द आहे. ती नोंद लिहिली त्या दिवशीच चुकलेली असली पाहिजे. नंतर बदललेली गोष्ट ही चूक नव्हे. हा फरक कुंडलच्या माणसाला समजायला कठीण जाऊ नये. आपल्या गावाजवळचे रेल्वे स्टेशन आधी कुंडल रोड होते, ते पुढे किर्लोस्करवाडी झाले. म्हणून जुन्या तिकिटावरचे ‘कुंडल रोड’ हे चुकीचे छापले होते असे कोणी म्हणणार नाही. कुंडल हे १९४८ पर्यंत औंध संस्थानात होते. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. १९५५ साली कुंडलात जन्मलेल्या माणसाच्या जुन्या कागदावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेल तर ती चूक नाही, त्या दिवशीचे ते खरे आहे. आमच्याकडे एकदा एक निवृत्त गृहस्थ नेमके हेच ‘दुरुस्त’ करून घ्यायला आले होते. त्यांना परत पाठवताना आम्हांला वाईट वाटले, पण नोंदवहीचे काम आजचे सत्य सांगणे हे नाही. त्या दिवशी काय घडले आणि काय सांगितले गेले ते जपणे हे तिचे काम आहे.

राजपत्राचे काम याच्या नेमके उलट आहे. माणसाने स्वखुशीने नाव बदलले की ते जगाला कळवण्यासाठी राजपत्र असते. जन्माच्या वेळी नाव ‘दगडू’ होते, बरोबर लिहिले होते, आणि आता ‘दिग्विजय’ हवे आहे, तर तो बदल आहे आणि त्याला राजपत्र. आपल्या श्रावणीने नाव बदललेच नव्हते. तिचे नाव बारशापासून श्रावणीच होते. लिहिताना काना राहिला. तिच्या बापाला राजपत्राकडे पाठवणे म्हणजे जी गोष्ट घडलीच नाही ती घडल्याचे त्याच्याकडून कबूल करून घेणे. पुढे कोणी म्हणाले असते, “तुम्हीच २०२४ साली नाव बदलले ना?” तर काय उत्तर देणार? आम्ही त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही की एजंटाला थांबव.

दुसरी गोष्ट, चूक नेमकी कुठे झाली ते शोधणे. लोक दाखल्याकडे पाहतात. दाखला हा उतारा आहे. त्याच्यामागे नोंदवही आहे, आणि नोंदवहीच्याही मागे ज्या कागदावरून नोंद झाली तो अर्ज किंवा अहवाल आहे. शिवाय आता दाखले संगणकातून निघतात, म्हणजे नोंदवही आणि दाखला यांच्यामध्ये एक टंकलेखकही आहे. अशा तीन पायऱ्या. चूक कोणत्या पायरीवर शिरली यावर तिची जात ठरते, आणि जातीवर उपाय ठरतो.

नोंदवहीत बरोबर असेल आणि फक्त संगणकात चुकले असेल, तर सर्वांत हलके काम. नोंद चुकलेलीच नाही, उतारा चुकला आहे. नोंदवहीवरून संगणकातील मजकूर जुळवून नवा दाखला द्यायचा. नोंदवहीत चूक आहे पण अर्जात बरोबर आहे, तर ती लेखनिकाच्या हातची चूक. नियमाच्या भाषेत लेखनदोष किंवा स्वरूपाची चूक. इथे निबंधकाने स्वतः चौकशी करायची, खात्री पटली की समासात दुरुस्ती करायची, आणि चूक काय होती व कशी सुधारली याचा उतारा वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. यात साक्षीदार लागत नाहीत. अशी चूक निबंधकाच्या स्वतःच्या लक्षात आली तरी त्याने ती सुधारायची, इतका नियम सरळ आहे.

आणि अर्जातच चूक असेल तर? म्हणजे सांगणाऱ्यानेच चुकीचे सांगितले किंवा लिहून दिले आणि लेखनिकाने ते इमानाने उतरवले. ही आशयाची चूक होय. इथे कागद साक्ष देऊ शकत नाही, म्हणून माणसे लागतात. वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींनी चूक काय आहे आणि खरे काय आहे असे लेखी निवेदन द्यावे, त्यावरून निबंधक दुरुस्ती करू शकतो. विश्वासार्ह म्हणजे प्रतिष्ठित नव्हे. पुष्कळ ठिकाणी सरपंच किंवा नगरसेवक यांचे पत्र आणायला सांगतात. बारशाला हजर असलेली आत्या किंवा बाळंतपण केलेली परिचारिका या कामी सरपंचापेक्षा अधिक उपयोगाची, कारण तिला माहीत आहे. नियमात ‘माहीत असलेली’ हेच शब्द आहेत, स्टँपपेपर हा शब्द मात्र नाही. तरी कार्यालये प्रतिज्ञापत्र मागतात आणि लोक ते देतात. आम्ही त्यावर भांडत बसत नाही. पण साध्या लेखनदोषालाही जेव्हा ते मागतात, तेव्हा नियम दाखवतो.

म्हणून आम्ही बापाला दुरुस्तीचा अर्ज करायला न लावता आधी शोधाचा अर्ज करायला लावले. त्याच कायद्याचे कलम १७ असे सांगते की कोणाही व्यक्तीला ठरलेली फी भरून नोंदवहीत शोध करवून घेता येतो आणि जन्माच्या नोंदीचा उतारा मागता येतो. अर्जात नोंदणी क्रमांक, तारीख, आईबापांची नावे घातली. सोबत माहितीच्या अधिकाराखाली एक वेगळा अर्ज दिला: २०१० साली मुलीचे नाव नोंदवण्यासाठी मी दिलेल्या अर्जाची प्रत मिळावी. बापाला तो अर्ज दिल्याचेही आठवत नव्हते. “तोंडीच सांगितलं असंल,” असे तो म्हणत होता. नाव तोंडी सांगूनही नोंदवता येते, कायद्यात तशी सोय आहे. तसे असते तर प्रकरण साक्षीदारांवर गेले असते.

अर्ज सापडला. त्या वर्षाच्या गठ्ठ्यात, टाचणीचा गंज लागलेला. बापाच्या स्वतःच्या अक्षरात, बाळबोध वळणात: ‘मुलीचे नाव श्रावणी असे ठेवले आहे.’ काना ठळक होता. नोंदवहीत त्याच नावापुढे दुसऱ्या शाईत ‘श्रवणी’. संगणकाने नोंदवहीतले जसेच्या तसे उचलले होते. म्हणजे चूक दुसऱ्या पायरीवरची. अर्जावरून वहीत उतरवताना काना गळाला होता.

असा अर्ज न सापडला तर काय, असे लोक विचारतात. तेव्हा जन्माच्या वेळेच्या जितक्या जवळचा कागद मिळेल तितका शोधावा. माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीतील नोंद. बारशाची पत्रिका छापली असेल तर तीही चालेल. आम्ही एकदा ती वापरली आहे. इथे एक चूक फार लोक करतात. ते आधार, पॅनकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक अशी दहा झेरॉक्स जोडतात. या साऱ्या कागदांचा जन्म नंतरचा, आणि त्यांतले काही तर त्याच चुकलेल्या दाखल्यावरून झालेले. लेकीच्या कागदावरून आईचे वय सिद्ध होत नाही. एक जुना कागद दहा नव्या कागदांना भारी पडतो. शाळेचे जनरल रजिस्टर मात्र आमच्या प्रकरणात उपयोगी ठरले, कारण त्यातले नाव दाखल्यावरून आलेले नव्हते. दाखल्याशी न जुळणे हाच त्याच्या स्वतंत्रपणाचा पुरावा होता.

मग दुरुस्तीचा अर्ज लिहिला, एक पान. अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या नोंदीत मुलीचे नाव ‘श्रवणी’ असे आहे. नाव नोंदवण्याच्या माझ्या मूळ अर्जात ते ‘श्रावणी’ असे आहे, प्रत जोडली आहे. नोंद करताना लेखनदोष झाला आहे. कलम १५ आणि त्याखालील नियमानुसार समासात दुरुस्ती करून नवा दाखला मिळावा. एवढेच. ‘नावात बदल’ हे शब्द अर्जात कुठेही येऊ दिले नाहीत. छापील नमुन्यावर ‘नाव बदल / दुरुस्ती’ असे होते, त्यातील ‘नाव बदल’ खोडले. कारकुनाच्या हाती ‘बदल’ हा शब्द लागला की फाईल राजपत्राच्या वाटेला लागते. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. पोच घेतल्यावाचून खिडकी सोडायची नाही, हे आम्ही कामगारांना पगारवाढीच्या मागणीपत्रापासून शिकवत आलो आहो.

इंग्रजी अक्षरांचा एक निराळा प्रश्न होता. दाखला दोन भाषांत छापतात, नोंदवही मराठीत असते. इंग्रजी नाव टंकलेखकाने ऐकीव उच्चारावरून घातलेले असते, आणि ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘क्ष’साठी के-एस-एच की एक्स, याला धरबंध नसतो. याला मूळ पुरावा कुठून आणणार? आम्ही अर्जातच शेवटी इंग्रजी नाव मोठ्या छापील अक्षरांत, एकेक अक्षर वेगळ्या चौकोनात लिहून दिले. आडनावाची इंग्रजी अक्षरे बापाच्या आधारवर जशी होती तशीच ठेवली. ‘व्ही’ आणि ‘एन’ यांच्यामध्ये ‘ए’ आहे, असे वेगळे वाक्यही घातले. हे हास्यास्पद वाटेल, पण मराठी दुरुस्त झाले आणि इंग्रजी तसेच राहिले म्हणून दुसऱ्यांदा आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

ओघाने शुद्धलेखनाबद्दल एक सांगावेसे वाटते. ‘सुनिता’ की ‘सुनीता’ यावर एका कार्यालयात आमची एका सुशिक्षित बाईंशी बरीच वादावादी झाली. त्यांचे म्हणणे, ‘सुनीता’ हेच शुद्ध, म्हणून नोंद बरोबर आहे. आमचे म्हणणे, व्याकरणाचा इथे संबंध नाही. बापाने अर्जात ऱ्हस्व लिहिले असेल तर मुलीचे नाव ऱ्हस्व. नाव हे ठेवणाऱ्याचे असते, लेखनिकाच्या शाळेचे नसते. बाईंना ते शेवटपर्यंत आवडले नाही, पण दुरुस्ती मात्र त्यांनी केली.

श्रावणीच्या नोंदीत निबंधकाने समासात लिहिले, की मूळ नोंदीतील ‘श्रवणी’ याऐवजी ‘श्रावणी’ असे वाचावे. खाली सही, हुद्दा आणि तारीख. बाप वाकून पाहत होता. त्याला वाटले होते की जुने नाव खोडतील, निदान पांढरी शाई लावतील. तसेच राहिलेले पाहून तो खट्टू झाला. “चुकीचं तसंच ठिवलंय की!” बाहेर आल्यावर चहा घेताना आम्ही त्याला विचारले, “समजा उद्या तुझ्या जमिनीच्या भावकीने कोणाला हाताशी धरून या वहीतले तुझे नाव खोडून दुसरे लिहिले, तर तुला कसे कळेल?” मूळ नोंद जशीच्या तशी ठेवण्याचे कारण हेच. खाडाखोड झालेल्या वहीवर कोणाचाच भरवसा राहत नाही. समासातील नोंदीत चूक दिसते, सुधारणा दिसते, कोणी कधी केली ते दिसते. शिवाय नियम असाही आहे की दुरुस्ती केल्यावर, ज्याने मूळ माहिती दिली होती त्याच्या कायमच्या पत्त्यावर तसे कळवावे. म्हणजे तुमच्या पाठीमागे कोणी दुरुस्ती केली तर तुम्हांला खबर लागावी. ज्या नोंदीत कपट असल्याचा संशय आहे तिला तर निबंधक आपल्या अधिकारात हात लावू शकत नाही. त्याने वरच्या अधिकाऱ्याला कळवून त्याच्या उत्तराची वाट पाहायची असते.

सगळी प्रकरणे इतकी सुरळीत जात नाहीत. आईच्या नावाची दुरुस्ती सर्वांत त्रासाची. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. माहेरच्या दवाखान्यात ती माहेरच्या नावाने ओळखली जाते, तेच नाव अहवालात जाते, आणि मुलाच्या दाखल्यावर आई म्हणून एक नाव, बापाच्या रेशनकार्डावर बायको म्हणून दुसरे. यात एखादे अक्षर चुकलेले नसते. दोन्ही नावे खरी असतात. प्रश्न असा होतो की ही दोन नावांची एकच बाई ना? म्हणजे ओळखीचा प्रश्न. असे प्रकरण आशयाच्या चुकीत जाते, निवेदने लागतात, लग्नाच्या नोंदीचा कागद लागतो, आणि निबंधकाने खात्री पटली नाही असे म्हटले तर त्याचे सर्वस्वी चुकले असे आम्हीही म्हणू शकत नाही.

नाव मुळातच नोंदवलेले नसणे हाही वेगळा प्रकार. तिथे सुधारायला चुकीचे काही नाहीच, जागा रिकामी आहे. त्याला कलम १४ लागते: नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत फी न देता, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबाची फी भरून नाव घालता येते. १९७० पूर्वीच्या गावच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत तर बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. जुन्या कामगारांच्या वयाच्या भांडणात त्या वह्या आम्ही पुष्कळ चाळल्या आहेत, पण तो विषय निराळा.

निबंधकाने नाही म्हटले तर पुढे काय, हे २०२३ पर्यंत या कायद्यात स्पष्ट नव्हते. लोक थेट कोर्टाची पायरी चढत. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे कलम २५-क आले. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते, जिल्हा निबंधकाच्या आदेशाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे, आणि अपिलाचा निकाल नव्वद दिवसांत द्यायचा असतो. यासाठी नकार लेखी हवा. “होत नाही, जावा” हा तोंडी आदेश घेऊन अपील करणे फार कठीण. म्हणून नकार मिळाला की आम्ही शांतपणे म्हणतो, “साहेब, कारणासह लिहून द्या.” निम्म्या वेळा तिथेच दुरुस्ती होते. उरलेल्या निम्म्या वेळा निदान तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ते कळते.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र आणि आधार या कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्याचा कागद म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार. आपल्या पिढीत दाखला चुकला तर शाळा सोडल्याचा दाखला मदतीला धावत असे. या मुलांना ती दुसरी वाट राहिली नाही. त्यांच्या दाखल्यातला काना आताच मोजून घ्यावा. दवाखान्यातील अर्ज, बारशाची पत्रिका आणि बाळंतपण केलेली बाई हे सारे अजून जागच्या जागी आहेत.

श्रावणीचे पुढचे काम क्रमाने झाले. नव्या दाखल्यावरून आधार, आधारवरून बँक. शाळेत काही करावे लागले नाही, तिथे नाव आधीपासून बरोबरच होते. उलट असते, म्हणजे शाळेतले नाव चुकलेले असते, तर मुलगी शाळेत आहे तोवरच जनरल रजिस्टरमधील दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने करून घेणे सोपे. शाळा सोडल्यावर ते काम फार जड जाते. आधार केंद्रावर मात्र एक अडचण आलीच. तिथल्या मुलाने विचारले, हा नवा दाखला तुमचाच कशावरून, जुन्यावर तर नाव वेगळे आहे. बापाने पिशवीतून जुना दाखला काढला. आम्ही त्याला तो फाडू दिला नव्हता. दोन्हींवर नोंदणी क्रमांक एकच होता.